संत्र्याच्या जाहिरातीतला श्लेष मराठीत कसा बसवला

सीताबर्डीवरच्या एका ज्यूसवाल्या भाऊंना हिवाळ्यासाठी इंग्रजी पोस्ट मराठीत हवी होती:

`Orange you glad it's winter? 🍊 #OrangeYouGlad`

गंमत सगळी उच्चारात. 'ऑरेंज यू' हे 'आरन्ट यू', म्हणजे 'नाही का', असं ऐकू येतं. शब्दशः मराठी केलं तर हाती फक्त संत्रं उरतं, विनोद नाही. म्हणून तो श्लेष सोडला आणि त्याच फळाभोवती मराठीत दोन अर्थांचा शब्द शोधला. 'रस' तयारच होता:

थंडीत रस नाही म्हणता? 🍊

आधी 🍊 'रस'च्या लगेच पुढे ठेवून पाहिलं, पण तिथे चित्र आधीच गुपित फोडतं. शेवटी ठेवलं की वाचणारा आधी 'रस' म्हणजे आवड असं वाचतो, मग संत्रं दिसतं आणि दुसरा अर्थ लागतो.

हॅशटॅगचं दुखणं वेगळं. इंग्रजीत मोठ्या अक्षरांवरून शब्द सुटे कळतात. देवनागरीत ती सोय नाही, #रसआहेना वाचताना डोळा अडखळतो. जागा सोडली किंवा - टाकला तर टॅग तिथेच तुटतो, अंडरस्कोर मात्र चालतो: #रस_आहे_ना. भाऊंना टॅग वाक्यातच हवा होता, '#नागपूरच्या थंडीत' असा. पण प्रत्यय चिकटला की तो #नागपूर राहत नाही, वेगळाच टॅग होतो आणि #नागपूर शोधणाऱ्याला पोस्ट त्या टॅगखाली सापडत नाही. म्हणून दोन्ही टॅग शेवटी, प्रत्ययाविना:

थंडीत रस नाही म्हणता? 🍊 #रस_आहे_ना #नागपूर

भाऊ म्हणाले, "हे तर आपल्याच इथलं वाटते." हिंदी पोस्टही यावरूनच केली, कारण 'रस'चे दोन्ही अर्थ तिकडेही आहेत.