टीडीएस कापलाय म्हणजे कर भरून झाला? विमा एजंटांनो, अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या या चुका टाळा

1 एप्रिल 2025 पासून विमा एजंटांच्या कमिशनवरचा टीडीएस 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आला. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या बऱ्याच एजंटांना हे ऐकून बरं वाटलं, कारण दर महिन्याला हातात थोडे जास्त पैसे येऊ लागले. पण कर काही कमी झालेला नाही. कंपनी जो कर कापून आधीच सरकारजमा करत होती, त्यातला मोठा भाग आता आपण स्वतः हप्त्यांनी भरायचा आहे. ते ध्यानात न आल्याने रिटर्न भरताना व्याजाचा आकडा बघून माणसं चक्रावतात, म्हणून हा विषय एकदा नीट मांडतो.

नियम असा की टीडीएस वजा केल्यावर वर्षाचा उरलेला कर 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त होत असेल, तर तो वर्ष चालू असतानाच भरायचा, हाच अ‍ॅडव्हान्स टॅक्स. 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत एकूण 45 टक्के, 15 डिसेंबरपर्यंत एकूण 75 टक्के आणि 15 मार्चपर्यंत सगळा. हे टक्के एकूण कराचे नाहीत, टीडीएस वजा जाता उरलेल्या कराचे आहेत.

"आम्हाला मार्चमध्ये एकदाच भरायचा असतो ना?"

ही चूक मला सर्वांत जास्त दिसते. शेजारचा किराणा दुकानदार अंदाजित नफ्याच्या योजनेत, म्हणजे 44AD मध्ये रिटर्न भरतो आणि त्याला खरोखरच 15 मार्चला एकच हप्ता असतो. त्याचं ऐकून एजंटही गप्प बसतो. पण कमिशन आणि दलालीचं उत्पन्न 44AD मधून स्पष्टपणे वगळलेलं आहे. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांच्यासाठी असलेल्या 44ADA मध्येही विमा एजंट बसत नाही. त्यामुळे एजंटाला चारही हप्ते लागू आहेत.

याच्याच जोडीला दुसरा गैरसमज आहे तो ज्येष्ठ नागरिकांचा. साठी ओलांडलेल्या निवासी व्यक्तीला अ‍ॅडव्हान्स टॅक्समधून सूट आहे हे खरं, पण धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. फक्त पेन्शन आणि एफडीचं व्याज असेल तर सूट मिळते. निवृत्तीनंतर एजन्सी घेतलेल्या काकांचं कमिशन मात्र धंद्याचं उत्पन्न ठरतं, आणि ते आलं की सूट गेली.

आकड्यांत बघू

धरून चला, एका पन्नाशीच्या एजंटाला 2025-26 या आर्थिक वर्षात 20,00,000 रुपये कमिशन मिळालं. ऑफिसचं भाडं, मदतनीसाचा पगार, पेट्रोल, फोन असा 3,50,000 खर्च वजा जाता 16,50,000 उरले. त्यात बँकेचं व्याज 50,000 मिळवलं की एकूण उत्पन्न 17,00,000. नव्या करप्रणालीत यावर कर 1,40,000 आणि 4 टक्के सेस 5,600, म्हणजे 1,45,600.

20 लाखांवर 2 टक्क्यांनी टीडीएस 40,000 झाला. उरले 1,05,600. जुन्या 5 टक्के दराने टीडीएसच 1,00,000 झाला असता आणि भरायचे फक्त 45,600 राहिले असते. दर बदलल्याचा परिणाम तो हा.

आता या एजंटाने जूनमध्ये काही भरलं नाही, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्येही नाही, आणि 14 मार्चला सवयीने 45,000 भरून टाकले. हप्ते चुकल्याचं व्याज, ज्याला आपण 234C म्हणतो, पहिल्या तिन्ही हप्त्यांच्या तुटीवर प्रत्येकी तीन महिन्यांचं आणि शेवटच्या हप्त्यावर एका महिन्याचं, महिना 1 टक्का दराने लागतं. रक्कम खालच्या शंभरात पकडतात. जूनची तूट 15,800, तिचं व्याज 474. सप्टेंबरची 47,500, व्याज 1,425. डिसेंबरची 79,200, व्याज 2,376. मार्चमध्ये 60,600 कमी पडले, त्याचं 606. सगळं मिळून 4,881.

इथेच संपत नाही. टीडीएस वजा जाता उरलेल्या कराच्या 90 टक्के रक्कम 31 मार्चपर्यंत भरलेली नसेल, तर 234B चं वेगळं व्याज 1 एप्रिलपासून सुरू होतं. तेही महिना 1 टक्का, आणि महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात. आपल्या एजंटाने जुलैत रिटर्न भरताना बाकी चुकती केली, तर एप्रिल ते जुलै चार महिने झाले. 60,600 वर 2,424. दोन्ही व्याजं मिळून 7,305, आणि मूळ बाकी धरून भरायचे 67,910 (शेवटची रक्कम दहाच्या पटीत करतात). यात कुणी फक्त 60,600 भरले, तर त्यातून आधी व्याज वळतं होतं आणि कर तेवढा बाकीच राहतो. मग डिमांड येते.

याच एजंटाला मार्च संपायच्या आत कुणी सांगितलं असतं तर? 31 मार्चपर्यंत भरलेली रक्कम अ‍ॅडव्हान्स टॅक्सच समजली जाते. 16 ते 31 मार्चच्या दरम्यान त्याने 60,600 भरले असते, तर 234C चे 4,881 गेलेच असते, पण 234B चे 2,424 वाचले असते. 15 मार्च हुकली म्हणून पुढचा पंधरवडा सोडून देऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

मार्चमधलं कमिशन जूनचा हप्ताही वाढवतं

विमा व्यवसायात शेवटच्या तीन महिन्यांत धंदा जोरात असतो. जूनमध्ये एजंट हिशेब करतो तेव्हा कमिशन मोजकंच आलेलं असतं, आणि तो त्यावरून वर्षाचा अंदाज बांधून छोटा हप्ता भरतो. त्याच्या दृष्टीने त्याचं काहीच चुकलेलं नाही. पण हप्त्याचं व्याज मोजताना तुमचा जूनमधला अंदाज कुणी विचारत नाही. वर्षअखेरीचा खरा कर घेतात आणि त्याच्या 15 टक्के जूनमध्ये आले होते का, एवढंच बघतात. मार्चमध्ये अचानक मोठी पॉलिसी झाली तर मागच्या तिन्ही हप्त्यांत तूट निघते.

आधी अंदाज करता न येणाऱ्या काही उत्पन्नांना कायद्याने इथे सवलत दिली आहे: शेअर किंवा जमीन विकल्याचा भांडवली नफा, लाभांश, लॉटरी, आणि धंद्याचं उत्पन्न पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर ते. अशा उत्पन्नावरचा कर त्यानंतरच्या हप्त्यांत, किंवा हप्ता उरला नसेल तर 31 मार्चपर्यंत भरला, की मागच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही. चालू एजन्सीच्या कमिशनला ही सवलत नाही.

यावर उपाय म्हणजे जूनचा हप्ता एप्रिल-मेच्या कमिशनवरून न ठरवता गेल्या वर्षीच्या पूर्ण उत्पन्नावरून ठरवायचा, आणि टीडीएस मात्र नव्या दराने वजा करायचा. थोडी मोकळीकही आहे. खऱ्या कराच्या 12 टक्के जूनपर्यंत आणि 36 टक्के सप्टेंबरपर्यंत भरले असतील, तर त्या दोन हप्त्यांचं व्याज लागत नाही. आपल्या उदाहरणात जूनमध्ये 15,840 ऐवजी 12,672 भरले असते तरी चाललं असतं. डिसेंबरला ही मोकळीक नाही, तिथे पूर्ण 75 टक्केच लागतात. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कमिशन स्टेटमेंट, एफडीचं व्याज आणि शेअरचे व्यवहार घेऊन एकदा हिशेबाला बसाच.

पैसे भरले, पण दिसत नाहीत

बहुतेक वेळा हा चलानचा घोळ असतो. आयकर पोर्टलवर `e-Pay Tax` मध्ये वर्ष आणि कराचा प्रकार निवडावा लागतो. 31 मार्चपर्यंत `Advance Tax (100)`, आणि वर्ष संपल्यावर त्याच वर्षाची बाकी भरताना `Self-Assessment Tax (300)`. 2025-26 च्या उत्पन्नासाठी आकारणी वर्ष 2026-27 आहे. घाईत 2025-26 निवडलं की पैसे मागच्या वर्षाच्या खात्यात जाऊन पडतात.

2026 पासून यात एक नवा पेच आला आहे. 1 एप्रिल 2026 ला आयकर कायदा, 2025 लागू झाला आणि त्यात आकारणी वर्षाऐवजी 'कर वर्ष' आलं. त्यामुळे 2025-26 ची बाकी जुन्या कायद्याच्या आकारणी वर्ष 2026-27 मध्ये जाते, आणि जून 2026 पासूनचे हप्ते नव्या कायद्याच्या कर वर्ष 2026-27 मध्ये. आकडा एकच, खाती दोन. पैसे पाठवण्याआधी कायदा कोणता निवडलाय ते वाचून घ्या.

भरल्यावर काही दिवसांनी आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणारा `Form 26AS` उघडून रक्कम, वर्ष आणि प्रकार बघा. चूक असेल तर चलान दुरुस्तीची विनंती पोर्टलवरून लगेच करता येते. मुदत थोड्या दिवसांचीच असते, ती गेली की आपल्या आकारणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. रिटर्नमध्ये बँकेचा बीएसआर कोड आणि चलान क्रमांक हाताने लिहिला असेल तर तोही पावतीशी ताडा, एका अंकाच्या चुकीने जमा रक्कम नाकारली जाते.

टीडीएसचं वेळापत्रक वेगळं असतं. जानेवारी ते मार्चचा टीडीएस कंपनी 31 मेपर्यंतच्या विवरणात दाखवते. एप्रिलमध्येच रिटर्न भरायची घाई केलीत, तर याच तीन महिन्यांचा, म्हणजे तुमच्या सर्वांत मोठ्या कमिशनचा टीडीएस 26AS मध्ये सापडत नाही. जूनच्या मध्यापर्यंत थांबावं.

रिफंड निघाला तर

जास्त भरलं तर सरकार व्याजासकट परत देईल, असं म्हणून कुणी मुद्दाम चार पैसे जास्त ठेवतात. वेळेत रिटर्न भरलं तर 1 एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळतं हे बरोबर, पण रिफंड एकूण कराच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज नाही. आपल्या एजंटाला 12,000 रिफंड निघाला असता तर 1,45,600 चे 10 टक्के 14,560 होतात, म्हणजे व्याज शून्य. आणि जे व्याज मिळतं ते पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं.

रिफंड अडकतो तो बहुधा बँक खात्यामुळे. खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट झालेलं आणि पॅनशी जोडलेलं लागतं. बडोद्यात एक अडचण नेहमी येते: पॅनवर नुसतं नाव असतं आणि बँकेत नावापुढे 'भाई' किंवा 'बेन' लागलेलं असतं, किंवा लग्नानंतरचं आडनाव एकीकडेच बदललेलं असतं. नाव जुळलं नाही की व्हॅलिडेशन फेल होतं. देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, पण तिचा जुना आयएफएससी कोड प्रोफाइलमध्ये तसाच ठेवलेली खाती अजून निघतात. असं काही असेल तर आधी बँकेत नाव किंवा कोड दुरुस्त करून घ्या, पोर्टलवर खातं पुन्हा व्हॅलिडेट करा आणि त्यानंतरच रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती टाका. क्रम उलटा केला तर ती विनंतीही नापास होते.