रिसेल फ्लॅटचा विसार बँकेतून देताना: तयारीची यादी

सगळ्यात आधी रोखीची मर्यादा पक्की डोक्यात ठेवा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात विसार किंवा ॲडव्हान्स म्हणून २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, मग पुढे खरेदी होवो वा न होवो. ती अकाउंट पेयी चेक, अकाउंट पेयी डीडी किंवा आरटीजीएस, एनईएफटी, आयएमपीएस, यूपीआय अशा बँकेच्या मार्गानेच द्यायची. अनेकांना वाटतं की १९,००० चे तुकडे करून दिले की झालं. तसं होत नाही, कारण आधी घेतलेली रक्कम आणि नवी रक्कम यांची बेरीज धरली जाते. पहिल्या दिवशी टोकन म्हणून १५,००० रोख दिले आणि आठवड्याने आणखी १०,००० रोख दिले, तर मर्यादा ओलांडली. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. विक्रेता रोखीसाठी अडून बसला तर हे त्याला शांतपणे सांगा, बहुतेक वेळा तिथेच विषय मिटतो.

देणाराही यात मोकळा राहत नाही. ७५ लाख रुपये रोख ॲडव्हान्स दिल्याचा दावा असलेल्या बंगळुरूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी निर्देश दिले की, दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचा दावा कोर्टात आला तर आयकर विभागाला कळवायचं. म्हणजे रोख दिलेले पैसे परत मागायला गेलात, तर ते आणले कुठून हेही सांगावं लागेल.

आता एक उदाहरण घेऊ. फ्लॅटची ठरलेली किंमत ६४ लाख, मालक नवरा-बायको निम्म्या-निम्म्या हिश्शाचे, विसार ६ लाख. पैसे पाठवण्याआधी इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्याची, प्रत मागा आणि मालकांची नावं त्यावरून बघा, एजंटच्या तोंडी माहितीवरून नको. दोघांचे पॅन घ्या आणि प्रत्येकाच्या खात्याचा कॅन्सल केलेला चेक घ्या. ‘सगळे माझ्याच खात्यात टाका’ असं नवरा म्हणाला, तरी बायकोच्या हिश्शाचे पैसे तिच्याच खात्यात जाऊ द्या. नाहीतर पुढे ‘मला माझा हिस्सा मिळालाच नाही’ ही तक्रार उभी राहायला जागा उरते. फ्लॅटवर कर्ज असेल तर विक्रेत्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आधी मागवा.

किंमत ५० लाख किंवा जास्त असली की १ टक्का टीडीएस खरेदीदारानेच कापायचा असतो, आणि तो विसारापासूनच लागू होतो. इथे लोक हमखास चुकतात: शेवटच्या हप्त्यात एकदम कापू म्हणतात आणि मग व्याज भरतात. आपल्या उदाहरणात प्रत्येकाला ३ लाखांतून ३,००० कापून २,९७,००० पाठवायचे. कापलेली रक्कम तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत, प्रत्येक विक्रेत्याच्या पॅनवर वेगवेगळी भरायची. विक्रेत्याचा पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय असेल तर कपात २० टक्क्यांवर जाऊ शकते, म्हणून हे आधीच तपासा. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा हिशेब लागू नाही. तेव्हा सीए गाठा.

रक्कम दोन लाखांच्या वर असल्याने आरटीजीएस सोयीचं. नवं खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी बँका बहुधा कमी रक्कमच जाऊ देतात, म्हणून ते दोन दिवस आधी जोडा. पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावरून. नाव चुकीचं लिहिलं तरी रक्कम जाते आणि एक आकडा चुकला तर भलत्याच्या खात्यात पडते. आता पाठवण्याआधी खातेदाराचं नाव स्क्रीनवर दिसण्याची सोय आहे, ते नाव इंडेक्स टूशी ताडून बघा. शेऱ्यात ‘फ्लॅट विसार’ आणि फ्लॅटचा क्रमांक लिहा.

बँकेच्या स्टेटमेंटवरून पैसे गेले एवढंच कळतं, कशासाठी गेले ते कळत नाही. ते विसारपावती सांगते. तिच्यात फ्लॅटचं पूर्ण वर्णन, ठरलेली किंमत, प्रत्येकाला दिलेली रक्कम, तारीख, बँकेने त्या व्यवहाराला दिलेला यूटीआर क्रमांक, कापलेला टीडीएस आणि साठेखत म्हणजे विक्रीचा करार करण्याची मुदत हवी. व्यवहार फिसकटला तर रक्कम किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात परत येईल, हेही त्यातच लिहून घ्या, कारण २०,००० किंवा त्यावरचा परतावाही रोखीत करता येत नाही. खाली रेव्हेन्यू तिकिटावर दोघांच्या सह्या घ्या. पुढे साठेखतात हेच यूटीआर क्रमांक जसेच्या तसे उतरले आहेत ना, ते सही करण्याआधी वाचून बघा.

भाड्याच्या घराचं डिपॉझिट देतानाही हीच शिस्त ठेवा: पैसे करारातल्या मालकाच्याच खात्यात, यूटीआर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात, आणि घर सोडताना परतावाही बँकेतूनच.