दरवाढीआधी पशुखाद्य किती भरून ठेवावं?

पावसाळ्याच्या तोंडाशी दुकानदाराचा निरोप येतो: येत्या एक तारखेपासून गोणीमागे दर वाढणार, हवं तेवढं आत्ताच उचला. वाढ पक्की असेल तर आधी घेण्यात फायदा आहेच. प्रश्न किती घ्यायचं याचा आहे, आणि बहुतेक गोठ्यांत त्याचं उत्तर कोठीत जागा किती आहे यावरून ठरतं. ते गोणी किती दिवसांनी फुटणार यावरून ठरायला हवं.

हिशेबासाठी एक गोठा धरू. १० दुभत्या गायी, गायीला रोज सरासरी ५ किलो खाद्य, म्हणजे रोज ५० किलोची एक गोणी, महिन्याला ३०. गोणीचा आजचा दर १,००० रुपये, वाढीनंतर १,०६०. एरवी हा शेतकरी एका वेळी १५ गोण्या आणतो. त्या १५ तो दरवाढ नसती तरीही आणणार होता, त्यामुळे वाचलेले पैसे मोजताना त्या बाजूला ठेवा. खरा प्रश्न त्यांच्या वर घ्यायच्या गोण्यांचा आहे.

आता गोणी ठेवण्याचा खर्च. पहिला, त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज. दरमहा दीड टक्का धरला तर हजाराच्या गोणीवर महिन्याला १५ रुपये. दुसरा, उंदीर, सांडलवंड, ओल यांत जाणारा माल. तो महिन्याला अर्धा टक्का धरू, म्हणजे ५ रुपये. कोठी स्वतःची आणि रिकामीच असेल तर भाडं धरू नका. एकूण महिन्याला २० रुपये.

दर वाढणार ६० रुपयांनी, ठेवणावळ महिन्याला २०. म्हणजे जी गोणी तीन महिन्यांनी फुटणार, तिच्यावर वाचलेले ६० रुपये तोवर ठेवण्यातच गेलेले असतात. त्यापुढची प्रत्येक गोणी जवळजवळ तोट्यातली. इथेच गल्लत होते, कारण माणूस एकूण बेरीज बघतो. सहा महिन्यांच्या १८० गोण्या भरल्या तर नेहमीच्या १५ सोडून १६५ गोण्यांवर ९,९०० रुपये वाचतात आणि आकडा डोळ्यांत भरतो. पण त्या सरासरी सव्वातीन महिने पडून राहतात. प्रत्येकीवर ६५ रुपये खर्च, त्यातून नेहमीच्या खरेदीतही सरासरी आठवडाभर पडून राहण्याने लागणारे ५ वजा केले तर ६०. पुन्हा ९,९००. एवढा माल हलवून हाती शून्य.

तीन महिन्यांच्या ९० गोण्यांवर हाच हिशेब केला तर ४,५०० वाचतात, २,२५० ठेवण्यात जातात, निव्वळ २,२५० उरतात. दोन महिन्यांच्या ६० गोण्यांवर २,७०० वाचतात, ९०० जातात, १,८०० उरतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तिसऱ्या महिन्यासाठी आणखी ३०,००० रुपये गुंतवायचे आणि मिळणार ४५० रुपये. मी असतो तर दोन महिन्यांवरच थांबलो असतो.

व्याजाचा दर कुठला धरायचा, यात सगळ्यात जास्त चुकतं. घरात रोख आहे म्हणून व्याज शून्य, असं नसतं. बियाणं, खत, मजुरी यांचा खर्च याच महिन्यांत उभा राहतो. खाद्यात पैसे घातल्यामुळे त्यातली एखादी गोष्ट उसनवारीवर करावी लागणार असेल, तर त्या उसनवारीचा दर खाद्याच्या हिशेबात धरायचा. तो महिन्याला ३ टक्के असेल तर ठेवणावळ ३५ रुपयांवर जाते आणि तीन महिन्यांची मुदत साधारण ५० दिवसांवर येते. एखादी गाय आजारी पडली, तर कोठीतली गोणी विकून औषध आणता येत नाही. तेवढी रोख आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात खाद्याचा विचार करा.

उधारीकडेही लक्ष द्या. एरवी दुकानदार १५ दिवस थांबत असेल आणि जुना दर फक्त रोखीने देत असेल, तर ती सवलत गेली. गोणीमागे साडेसात रुपयांचं व्याज गेलं, म्हणून ६० ऐवजी साडेबावन्न रुपयेच वाचतात असं धरा.

पावसाळ्यात पैशाच्या हिशेबाआधीच खाद्य टिकण्याची हद्द येते. गोणीवरची तयार केल्याची तारीख वाचा. दरवाढीच्या आधी दुकानातला जुना माल पुढे सरकवला जातो, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी गर्दीत तारीख कुणी बघत नाही. समजा गोणीवर ९० दिवसांत वापरा असं लिहिलंय आणि ती २० दिवसांपूर्वीची आहे. मग हाती ७० दिवस उरले, म्हणजे या गोठ्याला जास्तीत जास्त ७० गोण्या, कोठी कितीही मोठी असली तरी. शिवाय पाऊस झाल्यावर हिरवी वैरण वाढते आणि खुराक कमी केला जातो. रोजचा खप ५० वरून ४० किलोवर आला तर त्याच ७० गोण्यांना जवळपास ८८ दिवस लागतील आणि शेवटच्या गोण्या मुदतीबाहेर जातील. म्हणून आजचा खप धरू नका, पुढच्या दोन महिन्यांचा धरा. कुठली गाय आटणार आहे, कुठली विकायची आहे, हेही त्यात आलं.

गोण्या जमिनीवर थेट रचू नका. खाली लाकडी फळ्या घाला, भिंतीपासून हात-दीड हात अंतर ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते आणि उंदीर दिसतो. जुनी गोणी आधी फुटेल अशी रचना ठेवा. आठवड्याला एकदा मधल्या थरातल्या एका गोणीत कोपरापर्यंत हात घाला. आतून ऊब लागली, ढेकळं झाली किंवा कुबट वास आला तर ओल शिरली समजा. बुरशी धरलेलं खाद्य उन्हात वाळवून गायीला घालू नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष वाळवल्याने जात नाही आणि ते पुढे दुधातही उतरतं. अशा पाच गोण्या फेकल्या की ५,००० गेले, म्हणजे दोन महिन्यांच्या खरेदीतून मिळालेल्या १,८०० च्या जवळपास तिप्पट. आणि कोठी भरलेली दिसली की खुराक घालणाऱ्याचा हात सैल सुटतो, तेव्हा माप तेच ठेवा.

वाढ खरंच होणार का, आणि टिकणार का, हेही विचारा. कंपनीचं नव्या दराचं पत्रक दुकानदाराकडे असेल तर ते बघायला मागा. नुसत्या तोंडी बातमीवर दोन महिन्यांचा माल भरू नका. नव्या तेलबिया बाजारात आल्यावर पेंडीचे भाव उतरण्याची शक्यता असेल, तर तेव्हा फुटणाऱ्या गोण्यांची तुलना १,०६० शी न करता त्या वेळच्या अंदाजे दराशी करा.

जमल्यास दुकानदाराशी असं ठरवा: पैसे आज, दर आजचा, माल दर पंधरा दिवसांनी. ओल-उंदरांचा खर्च त्याच्याकडे राहतो आणि तुमच्याकडे फक्त १५ रुपये व्याज, त्यामुळे तीन महिन्यांची हद्द चारवर जाते आणि माल दर वेळी ताजा मिळतो. पण पैसे त्याच्याकडे अडकतात, म्हणून हे जुन्या, भरवशाच्या दुकानदाराशीच करावं. बिलावर गोण्यांची संख्या, दर आणि "माल उचलताना दर बदलणार नाही" हे लिहून घ्या. नुसती आगाऊ रक्कम मिळाल्याची पावती असेल, तर माल उचलायच्या दिवशी त्या दिवसाचा दर मागितला जातो.