प्रेफरन्स शेअरला एफडी समजू नका: या चुका टाळा

प्रेफरन्स शेअर म्हणजे ठरलेल्या दराने लाभांश आधी मिळणारा आणि मुदत संपली की कंपनीने पैसे देऊन परत घ्यायचा शेअर. ‘९ टक्के प्रेफरन्स शेअर’ असं वाचलं की दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात येणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर ९ टक्क्यांची एफडीच येते. एफडीचं व्याज बँकेला तोटा झाला तरी द्यावंच लागतं. प्रेफरन्सचा लाभांश मात्र कंपनीकडे वाटण्याजोगा नफा असेल आणि तिने तो जाहीर केला, तरच मिळतो. शेअर ‘क्युम्युलेटिव्ह’ असेल तर थकलेला लाभांश पुढे साठत जातो, नसेल तर त्या वर्षाचा गेलाच.

त्याहून मोठी चूक मुदत संपताना होते. रावपुऱ्यातल्या एका काकांकडे एका केमिकल कंपनीचे ५ लाखांचे प्रेफरन्स शेअर होते. ताळेबंदात बँकेतली शिल्लक भरपूर दिसत होती, त्यामुळे काका निर्धास्त होते. पण २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम ५५ नुसार हे शेअर दोनच पैशांतून फेडता येतात: लाभांशासाठी उपलब्ध असलेला नफा, किंवा फेडीसाठीच नवे शेअर काढून उभी केलेली रक्कम. कंपनीच्या डोक्यावर मागचा तोटा होता आणि बँकेतला पैसा कर्जाचा होता. कंपनीने मग जुन्या शेअरांच्या बदल्यात नवे प्रेफरन्स शेअर देऊ केले आणि सोबत संमतीपत्र पाठवलं. काकांनी ते न वाचता सही करून दिलं. अशा अदलाबदलीला मूल्याने तीन-चतुर्थांश धारकांची संमती आणि राष्ट्रीय कंपनी कायदा ट्रायब्यूनलची मंजुरी लागते. ज्यांनी संमती दिली नाही, त्यांचे शेअर लगेच फेडायचा आदेश ट्रायब्यूनलने द्यायचा असतो. काकांनी तो हक्क एका सहीत घालवला, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मी ताळेबंद उघडला की आधी राखीव निधी आणि साठलेला नफा-तोटा बघतो, बँक शिल्लक नंतर.

लाभांश सलग दोन वर्षं थकला तर प्रेफरन्सवाल्यांनाही सगळ्या ठरावांवर मत देता येतं. ते जरूर वापरा.

कन्व्हर्टिबल डिबेंचर म्हणजे शेअरमध्ये बदलता येणारा कंपनीचा कर्जरोखा. त्यात नडते ती घाई. समजा, १००० रुपयांचा ८ टक्क्यांचा डिबेंचर आहे, त्याचे हवे तेव्हा ४ शेअर करून घेता येतात आणि मुदतीला दोन वर्षं आहेत. शेअर २६० झाला की ४ शेअरांचे १०४० होतात, आणि नवखा माणूस लगेच अर्ज भरतो. पुढे भाव १८० वर आला तर हातात ७२० उरतात. थांबला असता तर वर्षाला ८० रुपये व्याज मिळालं असतं आणि कंपनी धड असेल तर शेवटी १००० परत. भाव वाढला असता तरी शेअर घ्यायची मुभा होतीच. त्या ४ शेअरांचा लाभांश ८० च्या वर जात असेल, किंवा बदलायची मुदत संपत आली असेल, तरच मी आधी बदलायला सांगतो.

डिबेंचरच्या नावात ‘कंपल्सरिली’ असेल तर १००० परत मिळायचा प्रश्नच नाही, शेवटी शेअरच हाती येतात.