वायरमनला पंख्याचे फोटो पाठवायचे असतील तर

"पंखा हलतोय, वरनं टकटक येतंय, बघा की जरा," असा मेसेज येतो आणि सोबत पलंगावर पडून काढलेला एक फोटो. त्यात पंख्याचा रंग कळतो, बाकी काही नाही. मी राजारामपुरीत असताना शिवाजी पेठेतल्या घरात पंखा हलत असेल, तर येताना काय सामान आणायचं हे फोटोवरून ठरवता येतं. फक्त फोटो तसे हवेत.

आधी मेन स्विच बंद करा. जुन्या घरांत पंख्याचं बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं, म्हणजे बटण बंद असूनही वर करंट असतोच. मग स्टूल नको, घडीची शिडी घ्या, खाली धरायला माणूस ठेवा. पाती कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, पण पुसताना पात्यावर भार देऊन खाली ओढू नका. दिवाळीच्या साफसफाईनंतर हलायला लागलेले निम्मे पंखे असेच वाकलेले असतात.

आता पात्यांचे फोटो. मोबाईल कपाटावर पात्यांच्या उंचीला टेकवून ठेवा, कॅमेरा 1x वर, 0.5x वर नको. त्यात कडेची सरळ वस्तूसुद्धा वाकडी दिसते. पंखा हातानं फिरवून पहिल्या पात्याचं टोक एखाद्या ठरावीक खुणेसमोर आणा, म्हणजे मागच्या खिडकीच्या चौकटीसमोर वगैरे, आणि फोटो घ्या. मोबाईल न हलवता दुसरं पातं त्याच जागी, मग तिसरं. तिन्ही पाती एकाच फोटोत घेतली तर जवळचं आणि लांबचं पातं वेगवेगळ्या उंचीला दिसू शकतं, आणि चांगला पंखासुद्धा वाकडा ठरतो. एकाच जागेवरच्या तीन फोटोंत मात्र लेन्सची चूक तिन्हीकडे सारखीच असते, त्यामुळे जो फरक दिसेल तो पात्याचा. टोकाला 2-3 मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. 5-6 च्या पुढे गेला की पात्याची पट्टी वाकली आहे किंवा तिचा स्क्रू ढिला आहे. म्हणून पट्टी मोटरला जिथं बसते तिथले स्क्रूही जवळून दाखवा.

वरच्या वाटीचा, म्हणजे कॅनोपीचा, फोटो खालून नको, बाजूनं घ्या. वाटी आणि छत यांच्यामधली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मग वाटीचा स्क्रू ढिला करून ती रॉडवरून खाली सरकवा आणि आतला हूक, त्यात अडकलेला बोल्ट, रबरी रील आणि बोल्टच्या टोकाची स्प्लिट पिन, हे सगळं उजेडात दिसेल असा फोटो काढा. आत कपॅसिटर असेल तर त्याला बोट लावू नका, मेन बंद असला तरी. पिन नसेल किंवा रील चिरलेली असेल तर पुढचे फोटो राहू द्या, पंखा बंद ठेवा आणि फोन करा. खालच्या वाटीखालच्या पिनचंही तेच.

गेल्या उन्हाळ्यात एका घरातून असे फोटो आले. रंगकाम झाल्यापासून हॉलचा पंखा हलत होता. पात्यांची उंची तिन्ही फोटोंत सारखी, पिन जागेवर, रीलही ठीक. पण एक पातं जरा निळसर पांढरं होतं, बाकीची दोन पिवळट. मी विचारलं, "बेडरूमचा पंखा पण हलतोय काय?" हलत होता. रंगाऱ्यानं दोन्ही पंख्यांची पाती काढून एकत्र ठेवली होती आणि बसवताना एकेक पात्याची अदलाबदल झाली होती. पाती वजन जुळवून तीन-तीनचा सेट म्हणून येतात. काही ग्रॅमचा फरक टोकाजवळ असला तरी पंखा झोके घेतो. पाती आपापल्या पंख्यावर गेली आणि हलणं थांबलं. टकटक वेगळी होती. बाजूच्या फोटोत वाटी तिरकी दिसत होती, तिची एक कड छताला टेकलेली आणि त्याच ठिकाणी नवा रंग खरवडलेला. वाटी थोडी खाली घेऊन स्क्रू आवळला, एवढंच.

बेअरिंग मात्र फोटोत दिसत नाही. त्यासाठी वर सगळं जिथल्या तिथं बसवून, पिना बघून, मेन चालू करा आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा: आधी फुल स्पीड, मग बटण बंद करून पंखा थांबेपर्यंत. वीज बंद झाल्यावरही घरघर चालूच राहिली तर बेअरिंग. बटण दाबताक्षणी गुणगुण गेली तर ती विजेची. आणि ती फक्त कमी स्पीडला येत असेल तर आधी रेग्युलेटर बघायचा. रॉड किंचित डोलतो, तेवढं चालतं, रबरी रील त्यासाठीच असते. मेसेजमध्ये पंखा कधीपासून हलतोय आणि त्याआधी घरात काय काम झालं होतं, तेही लिहा.