बिडाच्या तव्याचा तुलनातक्ता: लिस्टिंगचं काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मी ॲमेझॉनवर बिडाची भांडी विकणाऱ्या एका लहान ब्रँडचं लिस्टिंग सांभाळते. या कामात नवीन येणारे बहुतेक जण आधी ए-प्लस कंटेंटचे, म्हणजे उत्पादनाच्या पानावर खाली येणाऱ्या चित्र-मजकुराच्या भागाचे, सुंदर बॅनर बनवायला धावतात. माझं मत असं, की आधी ग्राहकांचे प्रश्न आणि परताव्याची कारणं वाचावीत. आमच्याकडे तेच तेच यायचं: इंडक्शनवर चालतो का, वजन किती, डोसा केवढा होईल.

ए-प्लस कंटेंटमधल्या तुलनातक्त्याच्या ओळी तिथूनच ठरल्या: व्यास, वजन, इंडक्शन, किती माणसांच्या घराला पुरेल. 'उत्तम दर्जा'सारखी ओळ घातली नाही, कारण प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण आली तर निवडायला काहीच उरत नाही. तक्त्यात फक्त आपलीच उत्पादनं ठेवता येतात, प्रतिस्पर्ध्याचं नाव चालत नाही. किंमत, सवलत, फोन नंबर किंवा 'नंबर वन' असे दावे लिहिले तर कंटेंट नामंजूर होतो. आणि ब्रँड रजिस्ट्री, म्हणजे ॲमेझॉनकडे ब्रँडची नोंदणी, नसेल तर ही सोयच मिळत नाही, म्हणून ट्रेडमार्कचं काम आधी मार्गी लावावं.

ब्रँड स्टोरी हा वेगळा, बाजूला सरकणारा पट्टा असतो आणि तो ब्रँडच्या सगळ्या उत्पादनांवर लावता येतो. तिथे संस्थापकाचं बालपण सांगण्यापेक्षा तवा कसा ओततात आणि तेल लावून कसा तयार करतात, ते दाखवलेलं बरं. गंजाची भीती तिथेच कमी होते. फोटोवर बारीक अक्षरं मात्र टाळा. लॅपटॉपवर झकास दिसणारं वाक्य मोबाइलवर मुंगीएवढं होतं, आणि बहुतेक ग्राहक मोबाइलवरच असतात.

खरी गंमत मोजणीत आहे. बिझनेस रिपोर्टमधला `Unit Session Percentage` म्हणजे विकलेले नग भागिले सेशन्स, म्हणजे ग्राहकांनी पानाला दिलेल्या भेटी, हे टक्क्यांत. समजा लहान तव्याला 1,000 सेशन्सवर 40 नग, म्हणजे 4 टक्के. तक्ता लावल्यावर तो आकडा 3.4 झाला, तर तक्ता फसला असं वाटतं. पण तक्ता बघून तीच माणसं मोठ्या तव्याकडे वळलेली असू शकतात. म्हणून तक्त्यातल्या सगळ्या उत्पादनांची एकूण विक्री आणि परतावे एकत्र बघा. नुसत्या एका तव्याचा आकडा दिशाभूल करतो.

शिवाय 1,000 सेशन्सवर 40 चे 48 नग झाले, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. त्यात मध्येच दिवाळी आली किंवा जाहिरात वाढवली, तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना निरर्थकच ठरते. पुरेशी वर्दळ असलेल्या उत्पादनाला `Manage Your Experiments` वापरता येतं. त्यात एकाच काळात काही ग्राहकांना जुनं पान दिसतं, काहींना नवं. वर्दळ कमी असेल तर हा पर्याय मिळत नाही. तेव्हा मी परताव्याच्या कारणांवर नजर ठेवते. 'इंडक्शनवर बसत नाही' म्हणून माल परत येणं थांबलं, तर तक्त्यातली ती ओळ लोक वाचतायत.