पायाला प्लास्टर: शाळेच्या अर्जात ‘प्लास्टर निघेपर्यंत’ लिहू नका

मुलाच्या पायाला प्लास्टर असताना आपण ‘प्लास्टर निघेपर्यंत खेळातून सूट द्यावी’ असा अर्ज देतो. आम्हीही तसाच दिला होता. प्लास्टर काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी लेकाला लंगडीला उभं केलं. पोटरी बारीक झालेली, घोटा आखडलेला, पायरी उतरतानाही तो भिंत धरत होता. चूक अर्जातल्या शब्दांची होती.

आता मुख्याध्यापकांच्या नावे असं लिहा:

1. ‘उजव्या पायाला 4 ऑगस्टपासून प्लास्टर आहे. ते साधारण 15 सप्टेंबरला निघेल. त्यानंतरही डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत खेळाचा तास, कवायत व स्पर्धांतून सूट द्यावी.’

2. ‘त्या तासाला त्याला वर्गातच बसू द्यावे.’ हे वाक्य आपल्या कोकणात हवंच. मैदानाकडेला बसवलं की एका सरीत प्लास्टर भिजतं, आत कातडी सोलवटते.

3. ‘खेळाचे गुण तोंडी किंवा लेखी कामावर द्यावेत, ही विनंती.’

डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा, मूळ चिठ्ठी घरीच ठेवा. दुसऱ्या प्रतीवर शाळेची सही-शिक्का घ्या आणि वर्गशिक्षकांइतकंच खेळाच्या सरांनाही सांगा. अर्ज बऱ्याचदा ऑफिसातच राहतो.

बोटं सुजली, निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच फोन करा, हेही अर्जात नंबरासह लिहा.